ओळ कुठं तोडायची

मिरजेत हॉस्पिटलांच्या गल्लीत आमचं डीटीपीचं दुकान होतं. दुकान म्हणजे काय, एक शटर, दोन संगणक, एक प्रिंटर, आणि मालक. मालक सांगलीहून स्कूटरवर यायचे, चहा मागवायचे आणि बाहेर बाकड्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांशी राजकारण बोलायचे. काम मी करायची. शिकाऊ डॉक्टरांचे प्रबंध, लग्नपत्रिका, गणेश मंडळांचे अहवाल, सगळं माझ्या अंगावर. माझा स्वभाव आधीच तापट, त्यात दिवसभर लोकांच्या चुका निस्तरायच्या. गिऱ्हाईक मला घाबरून असायचं, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडायचं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. पीडीएफ हा प्रकार तेव्हा आमच्याकडे नवा होता. लोकांना वाटायचं, फ्लॉपीत पुस्तक आहे म्हणजे झालं, ताईंनी उघडायचं, दोन शब्द बदलायचे, छापून द्यायचं. मी सांगून सांगून थकले होते की बाबांनो, पीडीएफ म्हणजे छापलेल्या पानाचा फोटो समजा. बघता येतं, हात लावता येत नाही. हात लावायचा तर त्यातला मजकूर कॉपी करून बाहेर काढावा लागतो, आणि बाहेर येताना त्याची जी दशा होते ती माझी मला माहीत.

असाच एक जण फ्लॉपी घेऊन आला. चाळिशीच्या आतला, सांगलीत एका कचेरीत शिपाई. हातात जेवणाचा डबा होता, म्हणजे हॉस्पिटलात पेशंट असणार हे मी ओळखलं.

"आवं ताई, ह्यात आमच्या आईची गाणी हायत," तो म्हणाला. "पुण्यात पुस्तक केल्तं. त्यातलं बरंच बदलायचं हाय."

त्याची आई वडूजकडची. बाबासाहेबांच्या जलशात वयाच्या बाराव्या-तेराव्या वर्षापासून गाणारी, पुढं स्वतः गाणी रचणारी. लिहायला येत नव्हतं. गावातल्या एका गुरुजींनी तिच्या तोंडून ऐकून ऐकून सगळी गाणी वहीत उतरवली होती. गुरुजी वारले. वही पुण्याच्या छपाईवाल्याकडं गेली ती परत आलीच नाही, पुढं त्याचं दुकानही बंद झालं. उरली ती ही फ्लॉपी आणि खिशात मावणारं एक पातळ पुस्तक.

"मग आईंनाच घेऊन या की," मी म्हटलं. "काय बदलायचं ते सांगतील."

तो डबा एका हातातून दुसऱ्या हातात घेत राहिला. मग म्हणाला, "तिला बोलता येत न्हाई आता. गळ्याचा कॅन्सर हाय. स्वरयंत्र काढलं."

गाणाऱ्या बाईचा गळा! मी उगीचच फ्लॉपीवरचं लेबल वाचत बसले.

पुस्तकाचं दुखणं काय होतं ते त्यानंच मला दाखवलं. पुण्याच्या त्या शहाण्यानं कागद वाचवायला गाण्यांच्या ओळीच ठेवल्या नव्हत्या. सगळं गाणं सलग, निबंधासारखं, या कडेपासून त्या कडेपर्यंत कोंबलेलं. गाण्याची ओळ संपली की पुढची त्याच रांगेत सुरू. ना मध्ये दंड, ना स्वल्पविराम. गुरुजींच्या वहीत ओळी नीट होत्या म्हणे. या माणसानं त्या सगळ्या मोडल्या.

"आपरेशनच्या आधी आईनं पुस्तक बघितलं तवा लय रडली," तो म्हणाला. "तिला वाचता येत न्हाई, पर माझ्या बायकुनं वाचून दावलं. आई म्हणली, ह्ये कोण म्हननार? जलशातली माणसं तर गेली. ढोलकीवाला गेला, मागं सूर धरनाऱ्या दोघी गेल्या. आता ज्यानं त्यानं पुस्तकातनंच म्हनायचं. ओळच कळली न्हाई तर गानं कसं धरायचं?"

कॅसेट केली होती एकदा, असंही तो म्हणाला. आईच्या भाच्यानं त्या कॅसेटवर सिनेमाची गाणी भरली. हे सांगताना तो हसला. मला हसू आलं नाही, त्या भाच्याला समोर उभा करून चार शब्द सुनावावेत असं वाटलं.

तर तिची एवढीच इच्छा होती. डोळे मिटायच्या आत गाण्यांच्या ओळी पुन्हा लागाव्यात.

मालक म्हणाले, "कर सवडीनं." माझ्याकडं सवड कुठली? तरी मी दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडल्या उघडल्या फ्लॉपी घातली.

पान पान करून मजकूर निवडला, कॉपी केला, वर्डमध्ये उतरवला. उतरला तो इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा नुसता चिवडा. त्याला घाबरायचं कारण नव्हतं. तेव्हाचे मराठी फाँट इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेले असायचे, तोच फाँट लावला की मराठी परत दिसायचं. नशिबानं तो फाँट आमच्याकडं होता. लावला. मराठी दिसलं, पण कसं! प्रत्येक छापील रांगेच्या शेवटी एंटर मारलेला. आणि पुण्याच्या मशीननं शब्द तोडताना इंग्रजीचे नियम लावलेले, त्याला बिचाऱ्याला काय कळतंय काना आणि वेलांटी? 'धरण'मधला 'धर' वर, पुढं हायफन, आणि ण खालच्या रांगेत. 'पाणी'ची वेलांटी वर नाही, खाली, एकटी लोंबकळत. काही जोडाक्षरं वाटेतच गळालेली, तिथं नुसत्या चौकटी. त्यात दर पानाच्या तळाचा आकडा अर्ध्या शब्दाच्या पोटात येऊन बसलेला. अर्धा शब्द, आकडा, उरलेला अर्धा शब्द.

असलं साफ करायचा एक क्रम असतो, तो चुकला की मेलात. आधी पानांचे आकडे काढून टाकायचे, नाहीतर तुटलेले शब्द एकमेकांना भेटतच नाहीत. मग प्रत्येक गाण्याच्या नावाच्या आधी आणि नंतर मी हातानं कीबोर्डवरच्या तीन तीन चांदण्या टाकल्या, म्हणजे पुढच्या झाडूत नावंही गाण्यात वाहून जाऊ नयेत. मग शोधा-आणि-बदला. हायफन आणि त्याला चिकटलेला एंटर, म्हणजे वर्डच्या भाषेत हायफन, कॅरेट, पी, जिथं जिथं असेल तिथं काही नको, नुसतं चिकटव. त्यानं तुटलेले शब्द सांधले. ते झाल्यावरच उरलेल्या सगळ्या एंटरांच्या जागी एकेक स्पेस. हे उलट केलं, आधी एंटर काढले, की हायफन आणि स्पेस मध्ये अडकून बसतात आणि 'धर- ण' असं पुस्तकभर राहतं. शेवटी चांदण्यांच्या जागी पुन्हा एंटर. झालं. मग छापील पुस्तक शेजारी धरून गळालेली अक्षरं भरायची आणि एकेक शब्द पडताळायचा, कारण 'हळू-हळू'सारखा शब्द रांगेच्या शेवटी तुटला असेल तर त्याचा खरा हायफनही या झाडूत जातो.

दुपारपर्यंत माझ्यासमोर सगळी गाणी अखंड होती. एकही शब्द तुटलेला नाही. आता फक्त ओळी पाडायच्या. मी स्वतःवर फार खूश होते. म्हटलं, यात आहे काय, यमक बघायचं आणि एंटर मारायचा. शाळेत कविता शिकलोच की आपण.

पहिल्याच गाण्यात होतं, 'टाचेला भेगा पडल्या चालून बाई धरण बांधलं दगड वाहून बाई पाणी गेलं लांबच्या रानाला'. मी 'चालून बाई'पाशी तोडलं, 'वाहून बाई'पाशी तोडलं. काय छान जुळलं! अशी पाच-सहा गाणी तोडली, प्रिंट काढली आणि जेवणाच्या सुट्टीत हॉस्पिटलात गेले.

वॉर्डात ती खिडकीजवळच्या खाटेवर होती. अंगानं अगदी बारीक, गळ्यावर ओलं फडकं, त्याच्या आडून श्वासाचा आवाज यायचा. डोळे मात्र असे, की वॉर्डातल्या नर्सही तिच्याशी बोलताना सरळ उभ्या राहायच्या. सून तिच्या पायथ्याशी बसलेली. दहावी झालेली, शांत मुलगी. मी छापलेला कागद सुनेच्या हातात दिला. ती वाचायला लागली. 'टाचेला भेगा पडल्या चालून बाई', आणि थांबली.

म्हातारीनं मान हलवली. नाही.

सून पुन्हा वाचू लागली, यावेळी एकेक शब्द सुटा. 'चालून' म्हणताच म्हातारीनं खाटेच्या लोखंडी दांडीवर बोटातली अंगठी आपटली. टक्. मग हात वर उचलला, असा लांब, जणू हवेत काही ओढून धरलंय, आणि सुनेला पुढं म्हण अशी खूण केली. 'बाई'.

"ताई, 'बाई' पुढल्या वळीत हाय," सून म्हणाली. "तितनं वळ उचलायची. आत्याबाई 'बाई' लांबवायच्या, लय लांब. मग मागच्या दोघी धरायच्या."

मी कागद परत घेतला. माझी सगळी यमकं चुकलेली होती. मी ज्याला ओळीचा शेवट समजत होते तिथून तिची ओळ सुरू होत होती. कान गरम झाले माझे, पण म्हातारी माझ्याकडं बघतही नव्हती. तिला माझी चूक नको होती, तिला पुढचा शब्द हवा होता.

तिथून आमची रीत ठरली. मी मोडतोड न केलेली, नुसती सांधलेली प्रत आणायची. सून एकेक शब्द वाचायची, म्हातारी ओळ संपली की अंगठी आपटायची, मी तिथं पेन्सिलीनं तिरकी रेघ मारायची. दोनदा टकटक म्हणजे इथं पालुपद परत. बोट गोल फिरवलं की कडवं संपलं. मोठ्या छापखान्यांत एक जण मूळ प्रत मोठ्यानं वाचतो आणि दुसरा मुद्रितावर खुणा करतो, त्यातलाच हा प्रकार, फक्त आमची मूळ प्रत खाटेवर पडलेली होती आणि तिला आवाज नव्हता.

मी रोज जेवणाच्या सुट्टीत जायची. डबा तिथंच खायची, कधी कधी तसाच परत आणायची. मालक कुरकुरले. मी म्हटलं, "मग तुम्ही बसा प्रबंध करायला." ते परत बाहेर बाकड्यावर जाऊन बसले.

दुपारभर दुकानात मी त्या रेघांप्रमाणे एंटर मारायची. हळूहळू मला तिच्या ओळीची सवय लागायला लागली. ओळ छोटी, ओळ छोटी, मग एक लांब, दम संपेपर्यंत. एंटर मारण्याआधीच मला वाटायचं, इथं असणार, आणि पेन्सिलीची रेघ तिथंच असायची. मग लगेच पुढच्या गाण्यात ती मला तोंडावर पाडायची. पाण्याच्या हंड्याचं एक गाणं होतं, त्यात अर्ध्या वाक्यात ओळ तुटायची. मी सुनेला म्हटलं, इथं नसेल, वाक्य अपुरं राहतंय. म्हातारीनं तिथंच पुन्हा टक् केलं, जोरात. सुनेनं सांगितलं, तिथं ढोलकी वाजते, गाणारी गप्प राहते, आणि लोकांना वाटतं आता ही काय म्हणणार. ढोलकीवाला मेलेला, गाणारीचा गळा गेलेला, आणि ही दोघांची जागा कागदावर राखून ठेवत होती! मी पेन्सिल खाली पडल्याचं निमित्त करून खाटेखाली वाकले.

सांगलीत मी ज्या गल्लीत वाढले तिथून दोन गल्ल्या पलीकडं दर एप्रिलमध्ये जलसे व्हायचे. ढोलकी आमच्या घरात ऐकू यायची. आम्ही खिडक्या लावून घ्यायचो, परीक्षा असायच्या म्हणून. कदाचित हीच बाई गात असेल. मला तिचा आवाज कसा होता हे कधीच कळणार नव्हतं, आणि याचा मला त्या दिवसांत फार राग यायचा. कुणाचा राग, ते सांगता येणार नाही.

ती खालावत होती. आधी एका बैठकीत तीन गाणी व्हायची, मग दोन, मग एक. अंगठी सैल झाली तशी सुनेनं तिला दोरा गुंडाळला. टक् आवाज इतका बारीक यायला लागला की शेजारच्या खाटेवरचा ट्रान्झिस्टर बंद करायला सांगावा लागायचा. शेजारणीच्या मुलानं एकदा तोंड वाकडं केलं. मी त्याच्याकडं असं बघितलं की त्यानं ट्रान्झिस्टर पिशवीतच घातला.

शेवटी एक गाणं उरलं. पुस्तकातलं शेवटचं. सुनेनं मला आधीच बाहेर व्हरांड्यात सांगून ठेवलं होतं की ते जलशात कधी गायलेलं नाही. म्हातारीची एक मुलगी होती, ह्या शिपाई मुलाच्या पाठची. लहानपणी तापानं गेली. दवाखाना लांब, पावसाचे दिवस, गाडी मिळाली नाही. ते गाणं त्या मुलीचं. म्हातारी ते शेतात, चुलीपाशी, एकटीच म्हणायची. कोणी आलं की थांबायची. गुरुजींनी कसंबसं एकदाच लिहून घेतलं. ढोलकी नाही, मागं कोणी नाही. चाल कुणालाच ठाऊक नाही, मुलालासुद्धा नाही.

त्या दिवशी सुनेनं गाण्याचं नाव वाचलं आणि पहिला शब्द म्हटला. म्हातारीनं हात वर केला. आम्हाला वाटलं, पहिल्याच शब्दाला ओळ संपली. पण तिनं अंगठी आपटली नाही. तळहात सुनेच्या तोंडासमोर धरून ठेवला. मग मान खिडकीकडं वळवली.

"उद्या?" सुनेनं विचारलं.

तिनं मान डोलावली. हो, उद्या.

मी म्हणू शकले असते, आज करू या का? पण कुठल्या तोंडानं म्हणणार? दुकानात गिऱ्हाईक ताटकळत होतं. मी उठले.

दुसऱ्या दिवशी मी गेले तेव्हा खाटेभोवती पडदा ओढलेला होता. सकाळी गळ्यातून रक्त आलं, थांबलं नाही. सून बाहेर भिंतीला टेकून उभी होती, तिच्या हातात तो कागद तसाच घडी घातलेला. "वाचायला घेतलंच न्हाई वो ताई," ती म्हणाली. "त्यांनी बघितलं माझ्याकडं, पर नर्स मदी आली." संध्याकाळी म्हातारी गेली.

पुस्तक पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे बौद्ध रीतीच्या स्मरणविधीच्या दिवशी वाटायचं ठरलं. माझ्याकडं ती एक सोडून सगळी गाणी तयार होती. मुलगा दुकानात आला, खुर्चीत बसला. त्याला म्हटलं, शेवटच्या गाण्याचं काय करू?

"काढून टाकू," तो म्हणाला. "न्हाईतरी ते घरातलं हाय."

सून त्याच्या मागं उभी होती. "न्हाई काढायचं," ती म्हणाली. नवऱ्यासमोर तिचा आवाज मी पहिल्यांदाच एवढा चढलेला ऐकला. "आत्याबाईंनी उद्या म्हणलं हुतं. नको म्हणलं नव्हतं."

मग तो माझ्याकडं वळला. "मग तुमीच तोडा की ताई. आता तुमाला सवय झाली तिच्या ओळींची."

मी दोन दिवस ते गाणं स्क्रीनवर उघडून बसले. तुटलेला एकही शब्द नव्हता, सगळं स्वच्छ. छोटी, छोटी, मग लांब, अशा ओळी पाडून बघितल्या. चांगल्या दिसल्या. दुसऱ्या पद्धतीनं पाडल्या, त्याही चांगल्या दिसल्या. तिसरीही. कुठलीही पद्धत खोटी वाटत नव्हती, आणि हेच वाईट होतं. तिच्या ओळी मी ओळखायला लागले होते, पण ज्या गाण्यात मागं सूर धरायला कोणी नाही, ढोलकी नाही, तिथं ती बाई कुठं दम घेत असेल? पावसात मुलीला मांडीवर घेऊन बसलेली बाई कुठं थांबेल? मला काय ठाऊक! मी सगळे एंटर काढून टाकले आणि गाणं सलग ठेवलं, पुण्याच्या त्या माणसानं ठेवलं होतं तसंच. त्याला मी इतके दिवस शिव्या घालत होते.

कार्यक्रम त्यांच्या गावी होता. मी एसटीनं गेले. विहाराच्या पुढं मांडव, समोर म्हातारीचा फोटो, तरुणपणातला, तोंड उघडं, गाताना काढलेला. वंदना झाली. मग बायका पुस्तकं हातात घेऊन गायला बसल्या. वयस्क बाया, सुना, शाळेतल्या मुली. कुणीतरी शेजारच्या गावातून ढोलकी आणली होती.

आणि गाणी उठली! चाली बायकांच्या कानावर होत्या, शब्द पुस्तकात बघून बघून, आधी चाचपडत, मग धरून. 'चालून'पाशी सगळ्या एकदम थांबल्या आणि 'बाई' एकदम उचललं. हंड्याच्या गाण्यात अर्ध्या वाक्यात गप्प झाल्या आणि ढोलकीवाल्यानं ती जागा घेतली. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मी मांडवाच्या खांबाला धरून उभी होते. तो शिपाई मुलगा रडत होता आणि लाजत नव्हता.

मग शेवटचं पान आलं.

एकीनं सुरुवात केली. दोन शब्दांनंतर ती थांबली, दुसरी पुढं गेली. तिसरीनं तिसरीकडंच तोडलं. मागच्या मुली चाल शोधत भलतीकडं गेल्या. ढोलकीवाल्यानं एकदा ठोका दिला, तो चुकला, मग त्यानं ढोलकीवरचे हात काढून घेतले. कुणीतरी दबकं हसलं आणि लगेच थांबलं. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, पुन्हा तिथंच सगळ्या एकमेकींच्या अंगावर आल्या. हळूहळू एकेक आवाज कमी झाला. शेवटी मांडवात नुसती पानं वाजत होती.

सून पहिल्या रांगेत होती. तिनं पुस्तक मिटलं नाही. मागं वळून तिनं गर्दीत मला शोधलं. "ताई," तिनं सगळ्यांसमोर विचारलं, "हितं कुठं थांबायचं?"

सगळ्या बायका माझ्याकडं बघत राहिल्या.